वृद्धांच्या छातीतला आरएसव्ही

रेस्पिरेटरी सिन्सिशिअल व्हायरस, म्हणजेच आरएसव्ही, हा नाक, घसा आणि फुप्फुसांतल्या बारीक श्वासनलिकांमध्ये वाढणारा विषाणू आहे. १९५६मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत चिंपांझींना सर्दी झाली, तेव्हा तो पहिल्यांदा वेगळा काढता आला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक यांना बाल्टिमोरमधल्या आजारी बाळांमध्ये तोच सापडला आणि चिंपांझींच्या नावाने सुरू झालेली त्याची ओळख कायमची बाळांशी जोडली गेली. प्रयोगशाळेत वाढवताना तो शेजारशेजारच्या पेशींच्या भिंती एकमेकींत विरघळवतो आणि अनेक केंद्रकांचा एकच मोठा गोळा तयार करतो. अशा गोळ्याला सिन्सिशिअम म्हणतात. नावातला अवघड शब्द तिथून आला.

बहुतेक मुलांना दोन वर्षांची होईपर्यंत हा संसर्ग एकदा तरी होतो. त्यामुळे बराच काळ असे धरून चालले होते, की हा बालरोगतज्ज्ञांचा विषय आहे आणि मोठ्यांमध्ये त्याची फार तर सर्दी होते. निरोगी चाळिशीतल्या माणसाबाबत हे खरेही आहे. पण ज्याचे फुप्फुस किंवा हृदय आधीच कमकुवत आहे, अशा पंचाहत्तरीच्या माणसात हाच विषाणू फ्लूइतका गंभीर होऊ शकतो. तो दिसतोही फ्लूसारखाच, आणि म्हणून तो बहुतेक वेळा फ्लूच्या किंवा नुसत्या ‘व्हायरल’च्या नावावर जमा होतो.

एकदा झाला म्हणून तो पुन्हा होत नाही असे नाही. गोवर एकदा झाला की सहसा जन्मभर संरक्षण मिळते. आरएसव्हीचे तसे नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात कॅरोलाइन ब्रीस हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकताच आरएसव्ही होऊन गेलेल्या १५ प्रौढांच्या नाकात तोच विषाणू ठरावीक अंतराने मुद्दाम सोडून पाहिला. दोनच महिन्यांनी त्यांतल्या जवळपास निम्म्यांना पुन्हा संसर्ग झाला, आणि २६ महिन्यांत सुमारे पाऊण लोकांना दोन किंवा अधिक वेळा झाला. नाकाच्या अस्तरावरची प्रतिपिंडे लवकर ओसरतात, म्हणून विषाणूला नाकात शिरकाव मिळत राहतो. तरुण शरीरात रक्तातली प्रतिपिंडे आणि संसर्ग झालेल्या पेशी टिपणाऱ्या टी पेशी त्याला तिथेच, म्हणजे सर्दीच्या पायरीवर, रोखतात. वय वाढले की नेमकी टी पेशींची ही फळी विरळ होते आणि विषाणू छातीत उतरतो.

छातीत उतरल्यावर तो बारीक श्वासनलिकांच्या अस्तरातल्या पेशी मारतो. मेलेल्या पेशी गळून पडतात, त्यात कफ मिसळतो, भिंतींना सूज येते आणि आधीच अरुंद असलेली नळी बुजत जाते. हवा आत जाते, पण बाहेर पडायला अडखळते. म्हणून श्वास सोडताना शिट्टीसारखा सूं-सूं आवाज येतो. तरुण माणूस जोरात खोकून हा गाळ बाहेर टाकतो. म्हाताऱ्या माणसाची छाती ताठ झालेली असते, खोकल्यात जोर नसतो आणि कफ वर ढकलणारे नलिकांतले सूक्ष्म केसही मंदावलेले असतात. विषाणू बाळांच्या आणि वृद्धांच्या छातीत एकाच पद्धतीने वागतो. बाळाच्या नळ्या मुळात बारीक असतात, वृद्धाच्या आयुष्यभराच्या झिजेने बिघडलेल्या असतात.

या आजाराचे वृद्धांमधले खरे वजन मोजले गेले तेही रॉचेस्टरमध्येच. ॲन फॉल्सी आणि एडवर्ड वॉल्श या डॉक्टरांनी १९९९पासून सलग चार हिवाळे ६०८ निरोगी ज्येष्ठ आणि हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेले ५४० प्रौढ यांच्यावर लक्ष ठेवले. शिवाय श्वासाच्या तक्रारीने रुग्णालयात भरती झालेल्या १,३८८ जणांचीही तपासणी केली. केवळ लक्षणांवर विसंबले नाही. विषाणूची वाढ, पीसीआर आणि आजाराच्या आधी व नंतर घेतलेल्या रक्तातली प्रतिपिंडे, अशा सगळ्या मार्गांनी शोध घेतला. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दरवर्षी निरोगी ज्येष्ठांपैकी ३ ते ७ टक्के आणि जुन्या आजाराच्या लोकांपैकी ४ ते १० टक्के जणांना आरएसव्ही होत होता. निरोगी गटात फ्लू झालेल्यांना डॉक्टरांकडे अधिक वेळा जावे लागले, म्हणजे तिथे फ्लूच जड होता. आजारी गटात मात्र दोघांचा भार सारखाच निघाला. रुग्णालयात पोचलेल्यांचा हिशेब तर जवळजवळ जुळलाच: आरएसव्हीच्या १५ टक्के आणि फ्लूच्या १२ टक्के रुग्णांना आयसीयूत न्यावे लागले, आणि अनुक्रमे ८ व ७ टक्के दगावले.

ही तुलना वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. त्या लोकांपैकी बहुतेकांनी फ्लूची लस घेतलेली होती, तर आरएसव्हीवर तेव्हा लसच नव्हती. म्हणजे लसीने बोथट झालेला फ्लू आणि मोकळा सुटलेला आरएसव्ही यांची ती बरोबरी होती. त्यावरून आरएसव्ही स्वभावतः फ्लूइतकाच घातक आहे असे सिद्ध होत नाही. पण रुग्णालयाच्या खाटेवर कोण किती येते, या प्रश्नाला ते उत्तर पुरेसे होते.

भारतात असा हिशेब उशिरा सुरू झाला. २०१८पासून बल्लभगढ, चेन्नई, कोलकाता आणि पुणे या चार ठिकाणी साठीपुढच्या लोकांच्या घरी दर आठवड्याला जाऊन, सर्दी-खोकला असेल तर नाक-घशाचे नमुने घेऊन फ्लू आणि आरएसव्ही शोधण्याचे काम हाती घेतले गेले. हंगामाचाही फरक आहे. रॉचेस्टरमध्ये दोन्ही विषाणू हिवाळ्यातले. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, आणि आरएसव्हीही पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत फिरताना दिसतो. ‘थंडी पडली की फ्लू’ हा पाश्चात्त्य पुस्तकांतला ठोकताळा त्यामुळे इथे फारसा चालत नाही.

दोन्हींची पुस्तकातली चित्रे वेगवेगळी आहेत. फ्लू अचानक येतो. सकाळी ठीक असलेला माणूस संध्याकाळी १०२ ताप, थंडी, अंगदुखी आणि डोकेदुखीने अंथरूण धरतो. संसर्गापासून लक्षणांपर्यंत एक ते चार दिवस पुरतात. आरएसव्ही दबकत येतो. संसर्गानंतर चार ते सहा दिवसांनी नाक गळू लागते, मग घसा, मग खोकला, आणि तीन-चार दिवसांनी छातीत आवाज. ताप कमी, कित्येकांना नसतोच; कफ आणि सूं-सूं जास्त. रुग्णांचे मोठे गट समोर ठेवले तर हा फरक खरा ठरतो. एका रुग्णापाशी मात्र तो उपयोगी पडत नाही, कारण अशक्त वृद्धाचे शरीर फ्लूलाही नीट ताप देत नाही. वयोमानाने शरीराचे मूळ तापमानच थोडे खाली असते आणि संसर्गाला मिळणारा प्रतिसादही मंद असतो. त्यामुळे दोन्ही आजारांत दिसते ते एकच: जेवण सुटणे, उठताना तोल जाणे, रात्री असंबद्ध बोलणे, जुना दमा किंवा सीओपीडी उसळणे, पायांवर सूज येणे. घरच्यांना वाटते वयच झाले. डॉक्टरांना वाटते जुना आजार बळावला. दोघांचेही पूर्ण चुकलेले नसते, पण या सगळ्याला सुरुवात करून देणारा विषाणू नजरेतून निसटतो.

एका नमुन्यादाखल कल्पिलेल्या रुग्णावरून हा क्रम नीट दिसेल. ७८ वर्षांच्या एक आजी आहेत. तंबाखूला कधी हात लावला नाही, पण चाळीस वर्षे चुलीच्या धुरात भाकऱ्या थापल्या. महाराष्ट्राच्या खेड्यांत अशा बायकांना धूम्रपान न करताही सीओपीडी होतो आणि तो बहुतेकदा ‘जुना दमा’ म्हणूनच ओळखला जातो. आजींचा रोजचा ऑक्सिजन ९३च्या आसपास. बालवाडीतला नातू सोमवारी शेंबडे नाक घेऊन घरी आला आणि रात्री त्यांच्याच कुशीत झोपला. शनिवारी आजींचे नाक गळू लागले. रविवारी खोकला. सोमवारी आवाज बसला आणि रात्री छातीत सूं-सूं सुरू झाली. अंग कोमट, तापमापकात ९९.२. मंगळवारी जवळच्या दवाखान्यात ‘व्हायरल आहे’ असे निदान होऊन तापाची गोळी, खोकल्याचे औषध आणि एक अँटिबायोटिक मिळाले. बुधवारी रात्री त्यांना आडवे होता येईना. उशीला टेकून बसूनच रात्र काढली. गुरुवारी सकाळी ऑक्सिमीटरवर ८४ दिसले आणि आजी नेहमीपेक्षा जास्त झोपाळलेल्या वाटल्या.

इथे सर्वात धोक्याची खूण आकड्यापेक्षा त्या झोपेत आहे. सीओपीडीच्या रुग्णाची हवा बाहेर पडेनाशी झाली की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगतो. ‘आज जरा शांत झोप लागली’ असे म्हणून घरचे समाधान मानतात, तेव्हा अनेकदा याची सुरुवात झालेली असते. बोलताना वाक्य पूर्ण न होणे, बसूनही धाप लागणे, हाक मारल्यावर नीट जागे न होणे, यांतले काहीही दिसले तर रात्र उजाडायची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

रुग्णालयात आजींच्या छातीच्या एक्स-रेत फुगलेली फुप्फुसे आणि तळाशी अस्पष्ट ठिपके दिसले. फ्लू आणि कोविडची झटपट पट्टीची चाचणी नकारात्मक आली. अनेक ठिकाणी शोध इथेच थांबतो, आणि हीच नेमकी चूक आहे. झटपट चाचणीला पट्टीवर रेघ उमटवण्यासाठी विषाणू भरपूर लागतात. तान्ह्या बाळाच्या नाकात आरएसव्ही अक्षरशः ओसंडत असतो, म्हणून बाळांत ही चाचणी बऱ्यापैकी चालते. वृद्धाने हा विषाणू आयुष्यात कैक वेळा पाहिलेला असतो. त्याच्या नाकात तो कमी संख्येने असतो आणि खरा धुमाकूळ खाली, छातीत चाललेला असतो. पट्टी कोरी राहते. शिवाय पट्टी फ्लू-कोविडची असेल तर तिने आरएसव्हीबद्दल काहीच सांगितलेले नसते, हे साधे सत्यही गडबडीत विसरले जाते.

खात्रीची चाचणी म्हणजे पीसीआर. त्यात विषाणूच्या आरएनएचा एक तुकडा पुन्हा पुन्हा दुप्पट करून शोधला जातो, त्यामुळे थोडे विषाणूही पकडले जातात. एकाच स्वॅबमध्ये फ्लू, कोविड आणि आरएसव्ही तिन्ही पाहणारे संच मिळतात. पण पीसीआरही नाकापुरतीच खरी असते. आजार सुरू होऊन आठवडा उलटला असेल तर नाक स्वच्छ आणि छाती भरलेली, असे होते. अशा वेळी खोकून काढलेला कफ तपासला तर नाकात न सापडलेले काही रुग्ण सापडतात. फक्त नाकाचा स्वॅब पाहणाऱ्या पाहण्यांत आरएसव्हीचे आकडे खऱ्यापेक्षा कमी दिसतात, त्यामागचे एक कारण हेच.

आजींच्या बाबतीत डॉक्टरांनी पीसीआरसाठी नमुना पाठवला आणि निकाल येईपर्यंत फ्लूवरचे ओसेल्टामिव्हिर सुरू केले. हे योग्यच होते. भरती झालेल्या रुग्णात फ्लूची शंका असेल तर ते औषध लवकर द्यावे लागते, निकालासाठी थांबून नाही. दुसऱ्या दिवशी निकाल आला: आरएसव्ही. मग ओसेल्टामिव्हिर बंद झाले, कारण ते फ्लूच्या विषाणूवरच्या न्यूरामिनिडेझ नावाच्या प्रथिनाला अडवते आणि आरएसव्हीकडे ते प्रथिनच नाही. निदान कळल्याने आरएसव्हीवरचे औषध मिळाले असे नाही. वृद्धांसाठी तसे मान्यताप्राप्त विषाणूरोधक औषध नाहीच. रिबाव्हिरिन हे जुने औषध काही ठिकाणी अवयव किंवा मज्जा प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये वापरले जाते, तेवढेच. तरी निदानाचा उपयोग तिहेरी झाला. नको असलेले औषध थांबले. जिवाणूंचा पुरावा न मिळाल्याने अँटिबायोटिक लांबवावे लागले नाही. आणि शेजारच्या खाटांवरच्या इतर वृद्धांपासून त्यांना वेगळे ठेवता आले.

उपचार मग सीओपीडी उसळल्यावर होतात तेच: नेब्युलायझरमधून श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध, पाच दिवस स्टेरॉइड, आणि मोजून-मापून ऑक्सिजन. या मोजमापाला कारण आहे. सीओपीडीच्या रुग्णाला भरमसाट ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी साठू शकतो. म्हणून लक्ष्य ८८ ते ९२ टक्क्यांचे ठेवतात, ९८चे नाही. नातेवाइकांना मॉनिटरवर ९० पाहून धास्ती वाटते आणि ते नळी उघडायला सांगतात, पण ते ९० मुद्दाम ठेवलेले असते. आजींना दोन रात्री बायपॅपचा मास्कही लावावा लागला.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या पायांवर सूज वाढली. आरएसव्हीतला कमी ओळखला जाणारा भाग हा आहे. अमेरिकेत आरएसव्हीने भरती झालेल्या पन्नाशीपुढच्या ६,२४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांतल्या २२ टक्क्यांहून अधिक जणांना त्याच मुक्कामात हृदयाचा तीव्र त्रास झालेला आढळला. त्यात बहुतांश हृदय अपुरे पडण्याचे प्रकार होते. ऑक्सिजनची कमतरता, वाढलेले ठोके आणि शरीरभर पसरलेला दाह हे तिन्ही मिळून आधीच थकलेल्या हृदयावर बोजा टाकतात. आजी नवव्या दिवशी घरी गेल्या, पण त्याआधी स्वतःच्या स्वतः न्हाणीघरात जाणाऱ्या आजींना महिनाभर कुणाचा तरी हात लागला. अशक्त वृद्धांबाबत ‘बरा झाला’ या शब्दाचा अर्थ डिस्चार्जच्या कागदावर कळत नाही. आधी जमणारी कामे पुन्हा जमतात का, यावरून तो ठरतो.

आता संरक्षणाकडे. आरएसव्हीवरची लस इतकी उशिरा का आली, याचे उत्तर एका अपयशात आहे. १९६६च्या सुमारास अमेरिकेत फॉर्मॅलिनने मारलेल्या आरएसव्हीची लस बाळांना देऊन पाहिली. लस घेतलेल्या बाळांना पुढे नैसर्गिक संसर्ग झाला तेव्हा आजार कमी होण्याऐवजी जास्त भडकला. त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांना रुग्णालयात न्यावे लागले आणि दोन बाळे दगावली. त्यानंतर या क्षेत्रात पुढची काही दशके लोक जपून पावले टाकत राहिले.

कोडे उलगडले २०१३मध्ये. आरएसव्हीच्या पृष्ठभागावर एफ नावाचे प्रथिन असते. पेशीशी एकजीव होण्याचे काम ते करते. हे प्रथिन लावून ठेवलेल्या उंदराच्या सापळ्यासारखे आहे. पेशीला भिडण्याआधी त्याचा एक ताणलेला आकार असतो, भिडताच खटका सुटतो आणि ते लांबट, दुसऱ्याच आकाराचे होते. सुटलेला सापळा परत लावता येत नाही. विषाणूला सर्वात परिणामकारकपणे अडवणारी प्रतिपिंडे आधीच्या आकाराच्या शेंड्यावर बसतात, आणि खटका सुटला की तो शेंडाच नाहीसा होतो. अडचण अशी, की प्रयोगशाळेत शुद्ध करताना हे प्रथिन आपोआप सुटून जाई. म्हणजे तोवरच्या लसी शरीराला बहुतांशी सुटलेला सापळा दाखवत होत्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि पीटर क्वाँग यांच्या गटाने आधीच्या आकाराची अणूअणूची रचना काढली आणि त्या प्रथिनात मोजके बदल करून तो आकार जखडून टाकला: एक जोड घट्ट करणारा बंध, आणि आतली पोकळी भरून काढणारे काही अमिनो आम्लांचे बदल. वृद्धांसाठीच्या आजच्या सगळ्या लसी या जखडलेल्या आकारावर उभ्या आहेत. नोव्हावॅक्स कंपनीची ज्येष्ठांसाठीची वेगळ्या घडणीची एफ प्रथिनाची लस २०१६मध्ये मोठ्या चाचणीत अपयशी ठरली होती, ती पार्श्वभूमी पाहता आकाराचे महत्त्व कळते.

मे २०२३मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने साठीपुढच्यांसाठी दोन लसींना मान्यता दिली. जीएसकेच्या अरेक्सव्हीत एफ प्रथिनासोबत प्रतिकारशक्तीला डिवचणारा पूरक घटक असतो. फायझरच्या अब्रिस्वोत तो नसतो, पण आरएसव्हीच्या ए आणि बी अशा दोन्ही उपप्रकारांचे प्रथिन असते. मे २०२४मध्ये मॉडर्नाची एमआरएनए पद्धतीची एमरेस्व्हिया आली. अरेक्सव्हीच्या मोठ्या चाचणीत पहिल्या हंगामात छातीत उतरलेला आरएसव्ही सुमारे ८३ टक्क्यांनी कमी झाला. अब्रिस्वोच्या चाचणीत तीन किंवा अधिक लक्षणे असलेल्या आजारात हा आकडा सुमारे ८६ होता. चाचण्यांच्या व्याख्या वेगवेगळ्या असल्याने हे आकडे शेजारी ठेवून कुठली लस सरस ते ठरवता येत नाही.

या चाचण्यांत एक मोठी उणीव होती. ज्यांच्यासाठी लस हवी ते अतिवृद्ध आणि अशक्त लोक त्यांत फार थोडे होते. चालून-फिरून चाचणी केंद्रावर येऊ शकणारे साठीतले लोकच भरपूर होते. प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून साठीपुढच्या, प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्यांमध्ये भरतीपासून सुमारे ८० टक्के संरक्षण दिसले. डेन्मार्कमध्ये २०२४-२५च्या हंगामात १,३१,२७६ ज्येष्ठांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून एकाच गटाला अब्रिस्वो दिली गेली. लस घेतलेल्यांपैकी ३ आणि न घेतलेल्यांपैकी १८ जण आरएसव्हीने भरती झाले, म्हणजे ८३ टक्के घट.

याच आकड्यांना दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. प्रत्येक गटात सुमारे ६५ हजार लोक होते आणि टळलेल्या भरती होत्या १५. म्हणजे त्या हंगामात चार हजारांहून अधिक लोकांना टोचले तेव्हा एक भरती टळली. डॅनिश गटात साठीच्या पुढचे सर्वसाधारण लोक होते. धोका मुळातच जास्त असलेल्या पंचाहत्तरीच्या सीओपीडी रुग्णांत तेवढ्याच टोचण्यांत कितीतरी अधिक भरती टळतील. त्यामुळेच बहुतेक देश सरसकट साठीपुढच्यांना ही लस सुचवत नाहीत. अमेरिकेने २०२४मध्ये पंचाहत्तरीपुढच्या सर्वांना आणि त्याखालच्या वयात फक्त जास्त धोक्याच्या लोकांना ती सुचवली. ब्रिटनने सप्टेंबर २०२४पासून ७५ वर्षे पूर्ण होणाऱ्यांना आणि ७९पर्यंतच्यांना ती मोफत द्यायला सुरुवात केली.

जास्त धोका म्हणजे कुणाला, हेही ठरलेले आहे: सीओपीडी किंवा तीव्र दमा, हृदय अपुरे पडणे किंवा हृदयरोग, मूत्रपिंडाचा वाढलेला आजार, गुंतागुंत झालेला मधुमेह, कर्करोगाच्या उपचारांनी किंवा प्रत्यारोपणानंतरच्या औषधांनी खालावलेली प्रतिकारशक्ती, आणि वृद्धाश्रमातला मुक्काम. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांमध्ये लसीचा परिणाम कमी मिळतो, तरी त्यांनाच ती सर्वाधिक हवी असते. ही विसंगती अजून सुटलेली नाही.

लस दंडात एकदाच दिली जाते. फ्लूसारखी ती दरवर्षी घ्यायची नसते. संरक्षण किमान दोन हंगाम टिकते, हळूहळू उतरते, आणि वर्षाने दिलेल्या दुसऱ्या डोसचा चाचणीत फारसा फायदा दिसला नाही. दुखरा दंड, थकवा, एखाद-दोन दिवस अंगदुखी हे नेहमीचे. गिलाँ-बारे सिंड्रोम हा नसांना दुबळे करणारा दुर्मीळ विकार या लसीनंतर किंचित वाढतो. अमेरिकेच्या नोंदींनुसार दोन्ही प्रथिन लसींमागे दर दहा लाख डोसांना सुमारे ७ ते ९ जादा रुग्ण. २०२५च्या जानेवारीत त्यांच्या माहितीपत्रकांत तशी सूचना घातली गेली. लसीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा पायांकडून वर चढू लागला तर लगेच दाखवावे लागते.

दोन गोंधळ टाळायला हवेत. बाळांसाठीचे निर्सेव्हिमॅब हे तयार प्रतिपिंडाचे इंजेक्शन आहे. ते वृद्धांसाठी नाही. आणि फ्लूची लस आरएसव्हीपासून काहीही संरक्षण देत नाही, तसेच उलटही नाही. दोन्ही एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या जागी टोचून घेता येतात. भारताच्या सरकारी लसीकरण कार्यक्रमात ज्येष्ठांसाठी आरएसव्हीची लस समाविष्ट नाही; ती मिळाली तरी खर्च ज्याचा त्याचा. म्हणून फुप्फुस किंवा हृदयाचा जुना आजार असलेल्या पंचाहत्तरीपुढच्यांनी आधी तिचा विचार करावा आणि निरोगी साठीतल्यांनी घाई करू नये, हा क्रम पैशाच्या दृष्टीनेही बरोबर बसतो.

लस नसेल तेव्हा उरतो तो विषाणूचा रस्ता अडवणे. आरएसव्ही खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून पसरतो, पण हातांवरूनही तेवढाच. टेबल, दाराची कडी, खेळणी अशा कडक पृष्ठभागांवर तो काही तास जिवंत राहतो, हातावर साधारण अर्धा तास. मग तो हात नाकाला किंवा डोळ्याला लागतो. त्याचे बाहेरचे आवरण चरबीचे असल्याने साबणाने तो सहज मरतो. नाक गळणाऱ्या नातवाला चार-पाच दिवस आजींच्या अंथरुणाबाहेर झोपवणे घरात कठीण जाते, आणि आजीच त्याला सर्वात आधी विरोध करतात. पण सोमवारच्या शेंबडापासून गुरुवारच्या ८४पर्यंतच्या साखळीत तोडायला सर्वात सोपी कडी तीच होती.